पूल तपासणी मार्गदर्शिकेची मराठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुलाच्या जागेवरच्या तपासणीसाठी मूळ इंग्रजी पुस्तकावरून मराठी मार्गदर्शिका तयार करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. सगळा भर पिअर, प्रीस्ट्रेसिंग, एक्स्पान्शन जॉइंट आणि बेअरिंग पॅड या चार शब्दांवर आहे, कारण तपासणीच्या नोंदी सर्वाधिक चुकतात त्या यांच्याच आसपास.

१. पिअर, गर्डर, बेअरिंग हे शब्द तसेच ठेवायचे की मराठी प्रतिशब्द घालायचे?

वस्तूचे नाव आणि त्या वस्तूला काय झाले आहे याचे वर्णन, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. ड्रॉइंगवर, मोजमाप पुस्तकात आणि मालाच्या बिलावर जे नाव येते, ते देवनागरीत तसेच ठेवा: पिअर, पिअर कॅप, गर्डर, डेक स्लॅब, बेअरिंग पॅड, अँकरेज, स्ट्रिप सील. कनिष्ठ अभियंता आणि ठेकेदाराचा सुपरवायझर एकमेकांशी याच नावांनी बोलतात.

वर्णन मात्र पूर्ण मराठीत हवे. भेग पडली, ढपला सुटला, पाणी झिरपले, गंज ओघळला, पॅड झुकले, रबर फाटले, कठडा वाकला. इथे मराठी इंग्रजीपेक्षा नेमकी बोलते. ‘स्पॉलिंग आढळले’ या नोंदीतून किती काँक्रीट गेले ते कळत नाही. ‘हाताएवढा ढपला सुटून सळई उघडी पडली आहे’ हे वाचणाऱ्याला पुढे काय करायचे ते लगेच समजते.

काही मराठी नावे आधीच रुळलेली आहेत आणि ती बदलू नयेत: गाळा, मोरी, कठडा, पाया, पोहोच रस्ता. ‘तीन गाळ्यांचा पूल’ म्हणणाऱ्या माणसासाठी ‘तीन स्पॅनचा’ लिहिण्याची गरज नाही.

२. परिभाषा कोशात अधिकृत शब्द असताना तो का टाळायचा?

टाळायचा असे नाही, त्याची जागा ओळखायची. भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश यांतले शब्द संकल्पना समजावण्यासाठी घडवलेले आहेत, आणि प्रस्तावनेत, व्याख्येत किंवा प्रशिक्षणाच्या टिपणात ते शोभतात. तपासणीची ओळ मात्र शिडीवर उभे राहून एका हातात टॉर्च धरून वाचली जाते. तिथे ‘पूर्वप्रतिबलित तुळईचे स्थिरण क्षेत्र’ लिहिले, तर तो माणूस खाली उतरून कुणाला तरी विचारेल किंवा तो रकाना सोडून देईल.

सोपी सोय अशी की शेवटी एक पानाची शब्दसूची द्यावी. तिच्यात जागेवरचा शब्द, कोशातला शब्द आणि एका वाक्यात अर्थ असावा. मजकुरात सर्वत्र फक्त पहिला शब्द वापरावा. एकाच वस्तूला तिसऱ्या पानावर ‘बेअरिंग’ आणि नवव्या पानावर ‘धारवा’ म्हटले, की वाचणारा दोन वेगळ्या वस्तू शोधू लागतो.

३. पिअरला ‘खांब’ म्हटले तर काय बिघडते? सगळे तसेच म्हणतात.

बोलताना काहीच बिघडत नाही. तपासणीच्या कागदावर तीन ठिकाणी अडते.

एक, काही पुलांत एका पिअरमध्ये दोन किंवा तीन उभे कॉलम असतात आणि वर त्यांना जोडणारी आडवी कॅप असते. ‘दुसऱ्या खांबाला भेग’ या नोंदीचा अर्थ दुसरा पिअर, की पहिल्या पिअरचा दुसरा कॉलम? दोन, जमिनीखालच्या पाइललाही बरेच जण खांबच म्हणतात. पाण्याची पातळी उतरून पाइल उघडे पडले असतील, तर ‘खांबाच्या तळाशी सळई दिसते’ ही नोंद पिअरबद्दल आहे की पाइलबद्दल, हे ठरवता येत नाही. आणि पाइल उघडे पडणे म्हणजे तळ खरवडला गेला आहे, ही वेगळी आणि तातडीची बाब आहे. तीन, पुलावर दिव्याचेही खांब असतात.

म्हणून ‘पिअर’ हे संपूर्ण उभ्या आधाराचे नाव ठेवा आणि त्याचे भाग वेगळे सांगा: पिअर कॅप, पिअरचा उभा भाग किंवा कॉलम, पाया. पुलाच्या दोन टोकांचे आधार म्हणजे अबटमेंट. त्यांना पिअर म्हणू नये. पुलावर रंगवलेले किंवा ड्रॉइंगवर लिहिलेले क्रमांक भाषांतरित करू नका, ते दिसतील तसे उतरवायला सांगा. मोजणी कोणत्या गावाच्या बाजूने सुरू होते, ते मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर लिहून घेण्याची जागा ठेवा.

४. प्रीस्ट्रेसिंगसाठी ‘पूर्वताण’ चालेल का?

आम्ही ‘प्रीस्ट्रेसिंग’ हाच शब्द ठेवा म्हणतो, आणि त्यामागे कारण आहे. ‘ताण’ हा मराठी शब्द फार कामे करतो. दोरी ओढल्यावर येतो तो ताण, कोणत्याही भाराने वस्तूच्या आत निर्माण होते तेही बोलीत ताण. प्रीस्ट्रेसिंगमध्ये तर दोन उलट गोष्टी एकत्र घडतात: पोलादी केबल ताणली जाते आणि तिच्या ओढीमुळे काँक्रीट दाबले जाते. ‘पूर्वताण दिलेले काँक्रीट’ असे वाचले, की काँक्रीटलाच ओढले आहे असे वाटते. प्रत्यक्षात सगळा खटाटोप काँक्रीट आधीच दाबून ठेवण्यासाठी असतो, म्हणजे वाहनांच्या भाराने गर्डर वाकला तरी त्याच्या खालच्या बाजूला भेग पडत नाही.

विश्वकोशातला ‘पूर्वप्रतिबलित’ हा शब्द या दृष्टीने बिनचूक आहे, कारण त्यात ओढ आणि दाब यांतले काहीच गृहीत धरलेले नाही. तो शब्दसूचीत द्या. व्याख्या साधी ठेवा: ‘केबल ताणून गर्डरचे काँक्रीट आधीच दाबलेले असते, त्याला प्रीस्ट्रेसिंग म्हणतात.’

५. प्री-टेन्शन आणि पोस्ट-टेन्शन कसे लिहायचे? ‘पूर्व’ आणि ‘पश्च’ने गोंधळ होतो.

होणारच, कारण पोस्ट-टेन्शन गर्डरही प्रीस्ट्रेस्डच असतो. ‘पश्चताणित पूर्वप्रतिबलित’ हे वाचून कुणीही थबकेल. दोन्ही शब्दांतला ‘आधी’ वेगवेगळ्या गोष्टींच्या आधीचा आहे: प्रीस्ट्रेसिंगमध्ये वाहनांचा भार येण्याआधी, प्री-टेन्शनमध्ये काँक्रीट ओतण्याआधी.

क्रियेने सांगितले की प्रश्न सुटतो: ‘काँक्रीट ओतण्याआधी ताणलेल्या तारा’ आणि ‘काँक्रीट कडक झाल्यावर नळीतून ताणलेल्या केबल’. दुसऱ्या प्रकारात गर्डरच्या टोकाला ताणलेली केबल पकडून ठेवणारे अँकरेज असते आणि केबल ज्या नळीतून जाते ती ग्राउटने भरलेली असते. पहिल्या प्रकारात ना नळी, ना अँकरेज. तपासणाऱ्याला हा फरक माहीत हवा, कारण पहिल्या प्रकारात तो अँकरेज शोधत बसला तर वेळ वाया जातो, आणि दुसऱ्यात शोधलेच नाही तर सर्वात नाजूक जागा सुटते.

६. मूळ मजकुरात ‘प्रीस्ट्रेसिंग केबलची स्थिती तपासा’ असे आहे. तसेच भाषांतर करू?

करू नका. केबल काँक्रीटच्या आत असते, ती दिसतच नाही. असे वाक्य दिले की रकान्यात ‘ठीक’ असे लिहून येते आणि त्या शब्दामागे पाहिलेले काहीच नसते. दिसणाऱ्या खुणा सांगा:

‘गर्डरच्या बाजूंवर केबलच्या रेषेत लांब भेग दिसते का पाहा. केबलची रेषा टोकांना वर आणि मध्यावर खाली अशी वळलेली असते. भेगेतून गंजाचा तपकिरी ओघळ किंवा पांढरे क्षार बाहेर आले आहेत का? टोकाशी अँकरेज झाकणारे काँक्रीट फुटले किंवा सुटले आहे का?’

इथे भेगेच्या दिशेचे शब्द पक्के करा. ‘आडवी’ आणि ‘उभी’ हे शब्द पाहणारा कुठे उभा आहे त्यावर फिरतात. ‘गर्डरच्या लांबीला समांतर’ आणि ‘गर्डरला आरपार’ असे लिहिले की फिरायला जागा उरत नाही.

आणखी एक सूचना इथे हवीच, आणि ती मूळ मजकुरात बरेचदा गृहीत धरलेली असते. साध्या आरसीसी गर्डरच्या मध्यावर खालच्या बाजूला ०.२ ते ०.३ मिमी रुंदीच्या केसासारख्या भेगा डिझाइनमध्येच धरलेल्या असतात. तशीच आरपार भेग प्रीस्ट्रेस्ड गर्डरच्या खाली दिसली, तर काँक्रीटवरचा दाब कमी झाला असावा किंवा अपेक्षेपेक्षा जास्त भार येऊन गेला असावा. म्हणजे ‘केसासारखी भेग’ हीच नोंद एका गर्डरवर किरकोळ आणि दुसऱ्यावर तातडीने वर कळवण्याची ठरते. मराठी तक्त्यात दोन्ही प्रकारच्या गर्डरना एकच रकाना देऊ नका.

७. ‘प्रसरण सांधा’ की ‘एक्स्पान्शन जॉइंट’?

‘प्रसरण सांधा’ हा शब्द चांगला आहे, समजतो, आणि शासकीय कागदांत दिसतोही. पण त्यातून एक ठरावीक चूक होते. प्रसरण म्हणजे पसरणे, म्हणून ‘सांध्याचे प्रसरण झाले’ म्हणजे फट मोठी झाली असे वाचणाऱ्याला वाटते. खरे उलटे आहे. प्रसरण गर्डरचे होते आणि त्यामुळे फट लहान होते. थंडीत गर्डर आखडतो, तेव्हा फट रुंद होते.

आकड्यांत पाहा. काँक्रीट एका अंश सेल्सिअसला, दर मिलिमीटर लांबीमागे सुमारे ०.००००१२ मिमी वाढते. शेजारी शेजारी ४० मीटरचे दोन गाळे आहेत आणि पुलाचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर प्रत्येक गाळा

```
४०००० × ०.००००१२ × ३० = १४.४ मिमी
```

वाढेल. दोन्ही गाळे आपापल्या मध्यापासून दोन्हीकडे सारखे सरकले, तर प्रत्येकाचे निम्मे मिळून मधली फटही १४.४ मिमीनेच कमी होईल. म्हणून जानेवारीच्या पहाटे घेतलेले फटीचे माप आणि मेच्या दुपारचे माप यांची नुसती तुलना करणे धोक्याचे आहे.

मार्गदर्शिकेत शब्द कोणताही निवडा, पण ‘सांध्याचे प्रसरण मोजा’ असे कधीच लिहू नका. ‘फटीची रुंदी डाव्या कडेला, मध्यावर आणि उजव्या कडेला मोजा, वेळ आणि तापमान लिहा’ असे लिहा. तीन मापे यासाठी, की एका कडेला फट बंद आणि दुसऱ्या कडेला उघडी असेल, तर गाळा तिरका सरकला आहे हे लगेच उघड होते.

८. ‘जॉइंट कार्यरत आहे का’ हे वाक्य मराठीत कसे आणायचे?

‘कार्यरत’ हा शब्द पंपाला चालतो. सांध्याचे काम म्हणजे गर्डरला मोकळे हलू देणे आणि पाणी खाली जाऊ न देणे. दोन्ही वेगळे विचारा. पहिले: फटीत खडी, माती किंवा डांबर अडकले आहे का? रस्त्याचे नवे डांबरीकरण करताना सांध्यावरूनच थर टाकला आहे का? दुसरे: स्ट्रिप सीलची रबरी पट्टी फाटली किंवा कडेच्या पोलादी पट्टीतून निसटली आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर पुलाच्या खाली मिळते. पिअर कॅपवर ओल, शेवाळ किंवा पाण्याचे डाग असतील, तर वरचा सांधा गळतो आहे, भले वरून तो धड दिसत असेल. ही ओळ सांध्याच्या पानावरही द्या आणि पिअर कॅपच्या पानावरही.

९. गावकरी सांध्याच्या फटीलाच ‘पुलाला तडा गेला’ म्हणून कळवतात. मार्गदर्शिकेत शब्दांचा फरक कसा ठेवायचा?

‘फट’ म्हणजे मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा, ‘भेग’ म्हणजे काँक्रीटमध्ये पडलेली, ‘तडा’ म्हणजे आरपार गेलेली मोठी भेग. हे तीन शब्द पहिल्या पानावर ठरवून टाका आणि एकाच्या जागी दुसरा कधीही वापरू नका. काम थांबवून पुन्हा काँक्रीट ओतलेल्या जागी जी रेषा दिसते तिला ‘बांधकाम सांधा’ म्हणा. ती फटही नव्हे आणि भेगही नव्हे. मात्र तिच्यातून पाणी झिरपत असेल, तर ते नोंदवायचे.

१०. बेअरिंग पॅडला ‘धारवा गादी’ म्हणावे का?

नको. विश्वकोशातला ‘धारवा’ आठवला की यंत्रातले, गोळ्या फिरणारे बेअरिंग डोळ्यांपुढे येते, आणि पुलाच्या पॅडमध्ये फिरणारे काहीच नसते. ‘गादी’ने तो मऊ, दबणारा पदार्थ वाटतो. पॅड म्हणजे रबराचे थर आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेले पोलादी पत्रे. ते उभ्या भाराखाली फारसे दबत नाही, पण गर्डर पुढे-मागे सरकला की बाजूला झुकते. ‘बेअरिंग पॅड’ ठेवा आणि व्याख्येत ‘गर्डरचे टेकण’ म्हणा.

आणखी एक घोटाळा: त्याच मूळ पुस्तकात पायाच्या प्रकरणात जमिनीची ‘बेअरिंग कपॅसिटी’ येते. तिथे ‘बेअरिंगची क्षमता’ असे उतरले, तर ते पॅडबद्दल आहे असे वाचले जाईल. तिथे ‘जमिनीची भार पेलण्याची क्षमता’ लिहा.

११. ‘पॅडमध्ये अतिरिक्त शिअर, बल्जिंग आणि क्रॅकिंग तपासा’. याचे नेमके मराठी काय?

शब्दाला शब्द ठेवला तर असे होते: ‘पॅडमधील अतिरिक्त कातर विरूपण, फुगवटा व तडे तपासावेत.’ ‘कातर’ वाचून माणूस कापलेले रबर शोधतो. ‘फुगवटा’ म्हटल्यावर प्रत्येक पॅड नापास होते, कारण पत्र्यांच्या मधले रबर भाराखाली थोडे बाहेर येतेच. कडेवर एकसारख्या बारीक आडव्या वळ्या दिसणे हे चांगल्या पॅडचे लक्षण आहे. आणि ‘अतिरिक्त’ म्हणजे किती, हे कुणीच सांगितलेले नाही.

तीच ओळ अशी लिहा:

‘पॅडच्या चारही बाजू टॉर्च लावून पाहा. वळ्या सगळीकडे सारख्या असतील तर ठीक. एकच वळी मोठी असेल, एकाच बाजूला रबर बाहेर आले असेल किंवा पत्रा उघडा पडला असेल, तर नोंदवा. पॅडची वरची कड खालच्या कडेच्या किती पुढे गेली आहे ते गुण्या आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. ती गाळ्याच्या मध्याकडे झुकली आहे की टोकाकडे, ते लिहा. गर्डर आणि पॅड यांच्यामध्ये कागद सरकतो का, ते चारही कडांना पाहा.’

ही ओळ लांब झाली, पण तिच्यातले प्रत्येक वाक्य हाताने करता येते.

आता एक माप घेऊन पाहू. गाळा ३० मीटरचा, गर्डर प्रीस्ट्रेस्ड, पॅडमधल्या रबराच्या थरांची मिळून जाडी ४० मिमी. झुकण्याची प्रचलित मर्यादा रबराच्या जाडीच्या ०.७ पट, म्हणजे २८ मिमी. एका गर्डरच्या दोन टोकांना ११ आणि १० मिमी झुकाव मिळाला, दोन्ही गाळ्याच्या मध्याकडे. हे अपेक्षितच आहे: प्रीस्ट्रेस्ड गर्डर दाबाखाली वर्षानुवर्षे किंचित आखडत जातो आणि पॅडची वरची कड आपल्याबरोबर आत ओढतो.

शेजारच्या गर्डरला मात्र २० आणि १ मिमी मिळाले. बेरीज तेवढीच, दोन्ही मापे मर्यादेच्या आत, तरीही ही नोंद वर जायला हवी. सगळी हालचाल एका टोकाला होते आहे, म्हणजे दुसऱ्या टोकाला गर्डर अडकला आहे किंवा तिथले पॅड घसरून पुन्हा सरळ झाले आहे. पॅड घसरले असेल, तर मूळ जागी त्याचा ठसा दिसतो. तक्त्यात ‘मर्यादेबाहेर: होय / नाही’ एवढाच रकाना असता, तर दोन्ही गर्डरपुढे ‘नाही’ लिहून विषय संपला असता. म्हणून दोन्ही टोकांची मापे एकाच ओळीत शेजारी शेजारी येतील, असा तक्ता करा. तापमान इथेही लिहायचे; कारण प्रश्न ७ मध्ये दिले आहे.

१२. ‘तपासावे’, ‘तपासण्यात यावे’, ‘तपासा’ यांतले काय वापरावे?

‘तपासण्यात यावे’मध्ये कोणी तपासायचे ते हरवते, म्हणून ते नकोच. ‘तपासा, मोजा, लिहा’ हे जागेवर सर्वात सरळ. ‘-आवे’मध्ये एक छुपी अडचण आहे: त्यातून आज्ञा आहे की सल्ला, हे कळत नाही. मूळ इंग्रजीत ‘शॅल’ आणि ‘शुड’ यांचा अर्थ वेगळा असतो आणि दोन्हींचे मराठी ‘करावे’ होऊन बसते. जे टाळता येणार नाही त्याला ‘करणे बंधनकारक आहे’ आणि जे परिस्थिती पाहून करायचे त्याला ‘शक्य असल्यास करा’ असे लिहा.

१३. उसन्या शब्दांचे लिंग कोणते धरायचे?

बोलण्यात जे चालते तेच, फक्त सर्वत्र एकसारखे: तो पिअर, तो गर्डर, तो जॉइंट, ती केबल, ते बेअरिंग, ते पॅड. ‘स्लॅब’ काही ठिकाणी तो आणि काही ठिकाणी ती आहे. एक निवडा आणि शब्दसूचीत नोंदवा. विभक्तीत शब्द मोडू नका: पिअरचा, गर्डरवर, पॅडखाली.

१४. एकाच टोकाला पॅड नसून दुसऱ्या प्रकारचे बेअरिंग असेल, तर ‘फिक्स्ड’ आणि ‘फ्री’ला काय म्हणायचे?

‘स्थिर बेअरिंग’ आणि ‘सरकते बेअरिंग’. ‘मुक्त’ नको, ‘बेअरिंग मुक्त झाले’ म्हणजे ते सुटले, असा अर्थ निघतो. स्थिर बेअरिंगही गर्डरला किंचित वळू देते, त्याला अडवायचे असते ते फक्त सरकणे. हे व्याख्येत लिहा. अशा पुलावर प्रश्न ११ मधली तुलना लागू होत नाही. तिथे सगळी हालचाल सरकत्या टोकाला होणे हेच बरोबर असते, आणि स्थिर टोकाला सरकल्याची खूण दिसली तर ती नोंदवायची. म्हणून बेअरिंगच्या तक्त्याचा पहिला रकाना बेअरिंगच्या प्रकाराचा ठेवा आणि तो ड्रॉइंग पाहून कार्यालयातच भरून द्या.